जप्त गाड्यांचा लिलाव आणि 2,100 चं टोकन

प्रश्न: दादा, फेसबुकवर 'कोल्हापूर पोलीस जप्त वाहन लिलाव' अशी जाहिरात बघितली, बुलेट 350 फक्त 28,000 ला. व्हॉट्सॲप केलं तर एका सायबानं आयकार्ड पाठवलं, आधार आणि फोटो मागितला आणि 2,100 टोकन भरून घेतलं. ते काल भरलं. आज म्हणतोय ट्रान्सपोर्ट आणि जीएसटीचे 5,850 भरा, रिफंडेबल आहेत, गाडीचे 28,000 गाडी दारात आल्यावर द्या. गाडीचे पैसे आधी मागत न्हाईत म्हणजे खरं असंल का? काय करू?

उत्तर:

भावा, आधी एक काम कर, बाकीचं नंतर वाच. 1930 ला फोन लाव. तो सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. फोन लावायच्या आधी ज्या ॲपवरनं पैसे पाठवलेस त्यातनं कालचा व्यवहार उघड, त्यात 12 आकडी यूटीआर नंबर असतो तो कागदावर लिहून घे, पैसे कुठल्या यूपीआय आयडीला गेले ते लिही, तुझी बँक, तारीख, वेळ, रक्कम. फोनवर मुख्य म्हणजे हेच विचारतात. ते सांगितलंस की समोरच्या खात्यात पैसे अजून शिल्लक असतील तर तेवढे गोठवता येतात. एक दिवस गेलाय म्हणजे उशीर झालाय, पण 2,100 साठी कोण तक्रार करतंय असं म्हणून सोडू नकोस, त्या लोकांचा धंदाच ह्या विचारावर चालतो. 5,850 भरायचे न्हाईत हे वेगळं सांगायला नको.

आता तुझ्या शेवटच्या वाक्याबद्दल, कारण सगळी गंमत तिथंच आहे. गाडीचे पैसे आधी मागत न्हाईत म्हणून तुला ते खरं वाटतंय. मी जुन्या गाड्यांच्या धंद्यात बरीच वर्षं आहे, लिलावात बोली लावून गाड्या घेतो, आरटीओची कामं करतो, आणि असल्या जाहिरातीत फसलेली पोरं माझ्याकडं कागद घेऊन येतात, 'ह्यावर गाडी नावावर हुईल का' विचारायला. त्या सगळ्यांच्या बाबतीत एक गोष्ट सारखी असते, गाडीची किंमत कुणीच कधी मागितलेली नसते. कारण ती मागायची नसतेच. 28,000 हा आकडा फक्त तुझ्या डोक्यात बसवायला आहे, म्हणजे त्याच्यापुढं 2,100 किरकोळ वाटतात, 5,850 पण चालून जातात, आणि 'किंमत गाडी आल्यावर' म्हटलं की माणूस साधा वाटतो. त्याची कमाई त्या मधल्या चार्जेसमध्ये आहे.

गेल्या पावसाळ्यात गारगोटीकडचा एक पोरगा आला होता. सकाळी डेअरीला दूध घालायला गाडी पायजे होती, स्प्लेंडर 14,500 ला दाखवलेली. त्यानं कसं कसं भरलं ते सांगतो, तुझ्याशी ताडून बघ. पहिल्यांदा 1,500 टोकन. लगेच त्याच्या नावानं एक पावती आली, वर तीन सिंहांचा शिक्का, खाली गोल शिक्का आणि सही, मधी त्याचा स्वतःचा फोटो. माणसाला आपला फोटो सरकारी कागदावर दिसला की निम्मा विश्वास तिथंच बसतो. दुसऱ्या दिवशी गाडी ट्रकमधी चढवतानाचा व्हिडिओ आला आणि 4,350 मागितले, ट्रान्सपोर्ट आणि जीएसटी म्हणून. ते भरले. मग 6,999, आरटीओ ट्रान्सफर आणि इन्शुरन्सचे. हे भरताना त्याच्या ॲपची मर्यादा आडवी आली म्हणून त्यानं दोन हप्त्यात पाठवले, झालं, समोरच्याला आयतं निमित्त मिळालं. म्हणे सिस्टिम एकरकमीच घेतं, तुमचे दोन तुकडे होल्डला पडलेत, परत एकदम 6,999 टाका, आधीचे रात्रीपर्यंत रिफंड होतील. त्यानं परत टाकले. आणि शेवटी फोन आला की ट्रक किणी टोल नाक्यावर अडवलाय, चेकिंग चालू आहे, 5,200 भरल्याशिवाय सोडत न्हाईत.

बेरीज कर, 25,048 होते. गाडी 14,500 ची, तिच्या किमतीतला एक रुपयाही अजून दिलेला न्हवता, आणि तसली स्प्लेंडर चांगल्या कंडिशनमधी कोल्हापुरात चाळीस हजाराच्या आत कुणाकडनंही मिळाली असती. म्हणजे पंचवीस हजारात पंधरा टाकले असते तर खरी गाडी दारात उभी राहिली असती. तो काही अडाणी न्हवता, बारावी झालेला पोरगा. प्रत्येक वेळी त्याच्यापुढं प्रश्न एवढाच होता की आत्तापर्यंत घातलेले सोडायचे का अजून थोडे घालून गाडी सोडवायची, आणि ह्या प्रश्नाला माणूस बहुतेक वेळा एकच उत्तर देतो. टोकन मुद्दाम लहान ठेवतात त्याचं कारण पण हेच, घरात न विचारता भरता येतं आणि भरलं की तू त्यांच्या यादीत 'भरणारा' म्हणून चढतोस. रकमा अशा 4,350, 6,999 विचित्र असतात त्याला पण अर्थ आहे, गोल आकडा मागितला तर लाच मागितल्यागत वाटतं, वाकडा आकडा बिलागत वाटतो.

आता मुद्द्याचं. ही जाहिरात खोटी आहे हे ओळखायला आयकार्ड, शिक्के, सही बघायची गरजच न्हाई. जिथं किंमत आधीच लिहिलीय तो लिलाव न्हवे. लिलावात असते ती सरकारनं ठरवलेली कमीत कमी बोली, आपल्याकडं अपसेट प्राईस म्हणतात, तिथनं वर बोली जाते, आणि शेवटची बोली लागेपर्यंत गाडी कितीला जाईल हे खुद्द लिलाव घेणाऱ्या अधिकाऱ्यालाही ठाऊक नसतं. मग तुझ्यासाठी 28,000 ला बुक कुणी केली? आणि बुक करायची सोय असती तर शाहूपुरी, लक्ष्मीपुरीतल्या आम्हा धंदेवाल्यांनी एक तरी बुलेट तुमच्यापर्यंत येऊ दिली असती का? लाखाच्या आसपास विकली जाणारी गाडी 28 ला मिळत्या म्हटल्यावर आम्हीच पहाटेपासनं रांग लावली असती.

दुसरी गोष्ट अनामतीची. खऱ्या लिलावात पण आधी पैसे भरावे लागतात, म्हणून लोक गोंधळतात. पण ती अनामत बोली लावायला आत बसू द्यावं म्हणून असते, गाडी राखून ठेवायला न्हवे. बोली लागली न्हाई तर परत मिळते, बोली लागून पण तू ठरलेल्या मुदतीत उरलेले भरले न्हाईस तर जप्त होते. आणि ती 2,100 नसते. मी ज्या नोटिसा बघितल्यात त्यात गाडीमागं दहा-वीस हजारांपासनं 50,000 पर्यंत असते, कारण खरा घेणारा आणि नुसता बघ्या वेगळा काढायचा असतो. भरायची कशी, तर कार्यालयाच्या नावानं डिमांड ड्राफ्ट, न्हाईतर नोटिशीत दिलेल्या सरकारी पोर्टलवर. आपल्याकडं सरकारात चलनानं पैसे भरायला ग्रास म्हणून यंत्रणा आहे, त्यात कुठल्या खात्याचे, कुठल्या कार्यालयाचे पैसे सगळं चलनावर येतं. कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर, क्यूआर कोडवर सरकारी अनामत जात न्हाई. तू काल पैसे पाठवलेस तेव्हा स्क्रीनवर बँकेतलं नाव आलं असंल ना, कुणाचं होतं? पोलीस अधीक्षक कोल्हापूर असं नक्कीच न्हवतं. गारगोटीच्या पोराच्या पेमेंटला तीन वेगळी माणसं होती. त्यांना विचारलं तर म्हणतात 'हे आमचे अकाउंटंट'. ती भाड्यानं घेतलेली खाती असतात, दुसऱ्याच कुणाची तरी.

पोलीस स्टेशनच्या आवारात गाड्या पडलेल्या दिसतात त्यांचं काय होतं हे पण समजून घे, कारण जाहिरात त्याच चित्रावर जगत्या. त्यातल्या बऱ्याचशा गाड्या विकताच येत न्हाईत. अपघातातल्या, गुन्ह्यात वापरलेल्या, चोरीच्या सापडलेल्या, ह्या सगळ्या केसचा मुद्देमाल असतात आणि त्यांचा निर्णय कोर्ट करतं. मूळ मालक आला, कागद दाखवले की कोर्ट बॉण्डवर त्याला गाडी देतं, आणि सुप्रीम कोर्टानं सुंदरभाई अंबालाल देसाईच्या केसमधी 2002 सालीच सांगितलंय की गाड्या ठाण्यात सडत ठेवू नका, लवकर मोकळ्या करा. पेपरात 'चोरीच्या 20 मोटारसायकली हस्तगत' म्हणून गाड्यांची रांग आणि मागं पोलीस उभे असा फोटो येतो बघ, तोच फोटो कापून ह्या जाहिरातीत टाकलेला असतो. त्यातली प्रत्येक गाडी कुणाच्या तरी मालकीची आहे, तो माणूस ती परत मिळायची वाट बघतोय, आणि मालक असताना ती लिलावाला काढायचा प्रश्नच येत न्हाई.

लिलावाला निघतात त्या बेवारस. म्हणजे मालक कोण कळत न्हाई न्हाईतर नोटीस देऊनही कोण आला न्हाई. जप्त मालाचा मालक सापडत नसंल तर मॅजिस्ट्रेटनं जाहीर नोटीस काढायची आणि सहा महिन्यांची मुदत द्यायची अशी कायद्यात तरतूद आहे, आधी क्रिमिनल प्रोसिजर कोडात 457 आणि 458 कलमात होती, 1 जुलै 2024 पासनं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 503 आणि 504 ला आहे. ते झाल्यावर आरटीओकडनं गाडीची किंमत काढून घेणं, वरची मंजुरी, मग लिलावाची जाहीर नोटीस. ह्या सगळ्यात गाडी उघड्यावर कितीतरी वर्षं काढत्या. आपल्याकडचा पाऊस तुला माहीत आहे, वर 2019 आणि 2021 चा महापूर. म्हणून पोलिसांचे बरेचसे लिलाव स्क्रॅपचे असतात, पन्नास-शंभर गाड्यांचा एकच लॉट, घेणारा नोंदणीकृत भंगारवाला लागतो, जीएसटी नंबर लागतो, आणि ती गाडी रस्त्यावर आणायची न्हाई, तोडायची अशी अटच असते. तुझ्यासारख्याला एक बुलेट निवडून द्यायची तिथं सोयच नसते.

पोलिसांशिवाय पण सरकारी लिलाव असतात, आणि एकेकटी गाडी मिळायची शक्यता खरं तर तिकडंच जास्त. आरटीओ टॅक्स थकवलेल्या गाड्या अडकवून ठेवतं, मालक टॅक्स भरायला आला न्हाई तर लिलाव काढतं, त्यात जास्त करून रिक्षा, टेम्पो, ट्रक, बस असतात. राज्य उत्पादन शुल्कवाले गोव्याची दारू आणताना चंदगड, आजरा, राधानगरीच्या बाजूला गाड्या पकडतात, त्या सरकारजमा झाल्या की विकल्या जातात, ह्यात चारचाकी चांगल्या असतात कधी कधी. तहसीलदार वाळू-मुरमाचे डंपर काढतात. आणि बँका, फायनान्सवाले हप्ते थकलेल्या गाड्या आपल्या यार्डातनं विकतात, पण तो सरकारी लिलाव न्हवे आणि त्यांचे दर आम्हा डीलर लोकांना पाठ असतात, बाजारापेक्षा थोडं खाली, चौथ्या हिश्श्याला कधीच न्हाई.

खऱ्या नोटिशीत काय असतं ते बघून ठेव. प्रत्येक गाडीचा नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर, मॉडेल, गाड्या कुठं उभ्या आहेत तो पत्ता, बघायची तारीख आणि वेळ, अनामत, लिलावाची तारीख, कुठल्या अधिकाऱ्याच्या सहीनं काढली ते. आणि 'जसे आहे तसे' ही अट. आरटीओचे लिलाव बऱ्याच वेळा eauction.gov.in वर ऑनलाईन होतात, तिथं नोंदणी करावी लागते, डिजिटल सिग्नेचर लागते, कागद आधी कार्यालयात द्यावे लागतात. एकूण काय तर कटकट असते. व्हॉट्सॲपवर दहा मिनिटात 'तुमची बुकिंग कन्फर्म' म्हणणारं सरकारी काम मी तरी अजून बघितलेलं न्हाई, तू बघितलं असशील तर सांग.

आणि गाडी बघायची सोय हा सगळ्यात सोपा कस. तू कोल्हापुरातच आहेस, जाहिरात कोल्हापूर पोलिसांची आहे, मग त्याला म्हण की मी गाडीवर टांग टाकून येतो, कुठल्या ठाण्यात आहे सांगा, मुद्देमाल कारकुनाला भेटतो. बघ काय उत्तर येतंय. गाड्या शिरोलीच्या गोडाऊनला हलवल्यात, आत सिव्हिलियनला प्रवेश न्हाई, साहेब बंदोबस्तात आहेत, लिस्ट आज सहाला क्लोज हुणार. ह्यातलंच काहीतरी असणार. प्रत्येक ठाण्यात मुद्देमाल सांभाळणारा एक कर्मचारी असतो, लिलाव असला तर त्याला माहीत असतोच, आणि असा माणूस आहे हेच त्या फोनवाल्याला बहुतेक ठाऊक नसतंय.

आता समज, वादापुरतं समज, की खरोखर लिलावात तुला एकेकटी बुलेट मिळाली आणि ती पण स्वस्तात मिळाली. मग काय होतं ते सांगतो कारण ह्याचा हिशेब कुणी करत न्हाई. चार-पाच वर्षं पावसात उभी राहिलेली बुलेट, बॅटरी गेलेली, दोन्ही टायर चिरलेले, टाकी आतनं गंजलेली, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, कार्बोरेटर असला तर जाम, आणि आरसे, किट, कधी कधी सायलेन्सर सुद्धा गायब. इंजिनात पाणी गेलं असंल तर पिस्टन चिकटलेला, बोअर करावा लागतो. मेकॅनिक ओळखीचा असून 25 ते 40 हजार सहज जातात, इंजिन पूर्ण उघडलं तर वर पण जातात. आणि हे 'जसे आहे तसे' घेतलेलं, चालू करून बघायला मिळत न्हाई. म्हणून आम्ही बोली लावताना गाडीची बाजारातली किंमत धरतो, त्यातनं दुरुस्ती वजा, कागदांचा खर्च वजा, चार-सहा महिने पैसे अडकणार ते वजा, आणि मग जे उरतं तिथं थांबतो. स्वतःला वापरायला एक गाडी घेणाऱ्यानं ह्या भानगडीत पडूच नये असं माझं मत आहे, ओळखीच्या माणसाकडनं सरळ वापरातली घ्यावी.

त्यातनं कागद. लिलावात घेतलेली गाडी नावावर करायची पद्धत वेगळी आहे. आपण साध्या खरेदी-विक्रीला फॉर्म 29 आणि 30 भरतो, इथं मूळ मालकाची सहीच नसते, म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियमात 57 नंबरचा नियम आहे, त्याप्रमाणं फॉर्म 32 भरायचा, गाडीचा ताबा घेतल्यापासनं 30 दिवसात. त्याला लिलाव घ्यायचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याच्या सहीचा, विक्री तुझ्या नावानं कायम केल्याचा आदेश लागतो, आणि लिलाव करायला सरकारनं दिलेल्या परवानगीची प्रमाणित प्रत लागते. हे दोन कागद नसले तर गाडी तुझ्या दारात उभी असली तरी नावावर होत न्हाई. म्हणून माझा साधा प्रश्न असतो, त्या सायबाला म्हण 'फॉर्म 32 ला जोडायचा सेल कन्फर्मेशन ऑर्डर कोण देणार, कुठल्या सहीनं?' गारगोटीच्या पोराला मी हे विचारायला लावलं होतं, पलीकडनं आधी शांतता आणि मग शिव्या.

तुला गाडीचा नंबर किंवा आरसी पाठवली असंल तर ती पण तपासता येते. परिवहनच्या वाहन पोर्टलवर न्हाईतर एमपरिवहन ॲपमधी नंबर टाक. मालकाचं नाव अर्धं झाकलेलं दिसतं, पण मॉडेल, नोंदणीची तारीख, कुठल्या आरटीओची, बँकेचा बोजा आहे का, इन्शुरन्स कधीपर्यंत हे कळतं. बहुतेक वेळा गाडी खरीच निघते, कुठल्यातरी माणसाची, इन्शुरन्स गेल्या महिन्यातच भरलेला. आता तूच सांग, वर्षानुवर्षं ठाण्यात पडलेल्या बेवारस गाडीचा इन्शुरन्स गेल्या महिन्यात कोण भरलं? त्यानं गाडी विकायला कुठंतरी फोटो टाकलेले असतात, तिथनं उचललेले. म्हणून नंबर खरा निघाला म्हणजे माणूस खरा असं धरू नकोस.

आधारचं काय करायचं हे तू विचारलं न्हाईस पण मला त्याची काळजी 2,100 पेक्षा जास्त आहे. असली माणसं विश्वास बसावा म्हणून 'आधीच्या ग्राहकाचं' आधार पाठवतात ते बहुतेक तुझ्यासारख्याच कुणाचं तरी असतं, आणि तुझं आता पुढच्याला जाणार. तू तक्रार करशील त्यात आधारची प्रत आणि फोटो दिल्याचं पण स्पष्ट लिही, उद्या तुझ्या नावावर कुठं सिम किंवा खातं निघालं तर तारखेनिशी कागद हाताशी असतो. आधारच्या ॲपमधनं बायोमेट्रिक लॉक करून टाक, फुकट आहे. संचारसाथी पोर्टलवर तुझ्या नावावर किती मोबाईल नंबर आहेत ते दिसतं, महिन्यानं एकदा बघ. आणि त्यानं 'लिलावाचा फॉर्म' म्हणून एखादी फाईल पाठवली असंल जिच्या नावाच्या शेवटी .apk आहे, ती उघडलीस का? उघडली असशील तर काम मोठं आहे, नेट बंद कर, दुसऱ्याच्या फोनवरनं बँकेला फोन लावून नेट बँकिंग आणि यूपीआय बंद करायला सांग, कारण त्यातनं मेसेज वाचतात, ओटीपी त्यांना दिसतो. उघडली नसशील तर डिलीट करायच्या आधी नावाचा स्क्रीनशॉट काढ.

1930 ला सांगितल्यावर cybercrime.gov.in वर पूर्ण तक्रार भरायची. तिथं जाहिरातीचा स्क्रीनशॉट, जाहिरात ज्या पानावर होती त्याची लिंक, व्हॉट्सॲपचं संभाषण, पावती, यूटीआर सगळं जोड. ब्लॉक करायची घाई करू नकोस, आधी चॅट एक्सपोर्ट करून ठेव, कारण ती माणसं स्वतः मेसेज 'सगळ्यांसाठी डिलीट' करतात आणि मग तुझ्याकडं नुसता नंबर उरतो. पोचपावतीचा नंबर मिळंल तो घेऊन ठाण्यात जा. कोल्हापुरात जवळच्या कुठल्याही ठाण्यात गेलास तरी चालतंय. 'पुढं बघू' म्हणाले तर लेखी अर्ज दे आणि पोच घे.

पैसे गोठले तर आपोआप परत येत न्हाईत हे पण सांगून ठेवतो, न्हाईतर महिन्याभरानं मलाच फोन करशील. लहान रकमेला आता कोर्टाचा आदेश लागतोच असं न्हाई, ते ठाण्यात विचार, पण लागला तर पोलिसांकडनं अहवाल घेऊन कोर्टात अर्ज करावा लागतो, आणि गंमत बघ, तो अर्ज वर सांगितलेल्या त्याच 503 कलमाखाली असतो, जप्त माल खऱ्या मालकाला द्यायच्या. 2,100 साठी वकील परवडणार न्हाई, पण बऱ्याच ठिकाणी असल्या लहान रकमा लोकअदालतीत एकत्र काढतात, त्याची तारीख ठाण्यात विचारत राहा. गारगोटीच्या पोराचे शेवटचे 5,200 तेवढे खात्यात अडकले होते कारण ते भरल्यावर तासाभरात त्यानं फोन केला, बाकीचे कधीच पुढं निघून गेलेले.

अजून एक फोन तुला येणार आहे, आठ-पंधरा दिवसांनी. 'सायबर सेलमधनं बोलतोय, तुमचे 2,100 रिकव्हर झालेत, परत द्यायला 499 प्रोसेसिंग फी भरा.' तुझा नंबर, रक्कम, गाडीचं मॉडेल सगळं बरोबर सांगंल, कारण यादी तीच आहे. त्याला तुझ्या तक्रारीचा पोचपावती नंबर विचार, तो असल्या फोनवाल्याकडं नसतो.